पतसंस्थेच्या काउंटरवरून बँकेकडे: भाचीला रेझ्युमेबद्दल

तू पाठवलेला रेझ्युमे काल रात्री वाचला. दोन पानं आहेत, टायपिंगची चूक नाही, फोटोही नीट आहे. पण जतच्या पतसंस्थेत २०२३ पासून तू रोज सकाळी दहाला बसतेस ती कशासाठी, हे त्या दोन पानांत कुठेच सापडलं नाही. मला ते ठाऊक आहे, कारण मी तुझा मामा. पॅनेलवरच्या माणसाकडे मात्र त्या कागदाशिवाय काही नसतं. नोकरीच्या शेवटच्या काळात मी आमच्या नागरी सहकारी बँकेच्या भरती पॅनेलवर असायचो, म्हणून टेबलाच्या पलीकडून हा कागद कसा दिसतो तेवढं तुला सांगतो.

आधी हा कागद कुणाच्या हातात जाणार ते बघ. सरकारी बँकांच्या क्लार्कसाठी, ज्याला आता आयबीपीएस कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणते, रेझ्युमे कुणी मागत नाही. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मग स्थानिक भाषेची चाचणी, संपलं. तिथे मुलाखतच नाही. पीओला मुलाखत असते, मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांचं वजन ८० ला २० असं धरतात. त्या वीसांसाठी तुझ्या माहितीचा कागद समोर असतो आणि प्रश्न त्यातूनच निघतात. खऱ्या अर्थाने रेझ्युमे वाचला जातो तो नागरी सहकारी बँकांत, खासगी बँकांत आणि स्मॉल फायनान्स बँकांत. काही सहकारी बँका आधी ऑनलाइन परीक्षा घेतात, पण शेवटी टेबलाशी बसवतातच. तू सांगलीच्या बँकेत ज्युनिअर ऑफिसर आणि क्लार्क अशा दोन्ही जागांसाठी अर्ज करते आहेस, तेव्हा तुझा कागद वाचला जाणार हे नक्की धर.

आता पहिलं पान. वरची सहा ओळींची 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' काढून टाक. नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावण्याची तुझी इच्छा आहे, हे वाचताना पॅनेलमधला कुणीतरी चहाचा कप उचलतो. त्या जागी दोनच ओळी लिही: बी.कॉम., पतसंस्थेत ठेव आणि रोख काउंटरचा अनुभव जून २०२३ पासून, मराठी उत्तम, कन्नड बोलता येते. वाचणाऱ्याला पहिल्या पाच सेकंदांत एवढंच हवं असतं.

कन्नडची गोष्ट तू दुसऱ्या पानाच्या तळाशी, छंदांच्या वर लपवली आहेस. ती वर आण. जत, मंगळवेढा, अक्कलकोट या पट्ट्यात शाखा असलेल्या बँकेला काउंटरवर कन्नड बोलणारी मुलगी मिळणं म्हणजे काय, ते मॅनेजरला विचार. मात्र 'मराठी, हिंदी, इंग्रजी, कन्नड' अशी नुसती रांग लावू नकोस. कन्नड समजतं, बोलता येतं, लिहिता येत नाही, असंच लिही. पॅनेलवर एखादा संचालक विजापूरकडचा निघाला तर तो कन्नडमध्येच प्रश्न टाकेल. बोलणं जमतंय म्हटल्यावर तुझं काम झालं. लिहायला दिलंन तर तू कागदावर आधीच सांगितलेलं आहेस.

पुढे तू लिहिलं आहेस, 'बँकिंग क्षेत्राचा अनुभव'. हा शब्द सांभाळून वापर. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, आणि पॅनेलवरचा निवृत्त माणूस नेमकं इथेच बोट ठेवतो. 'पतसंस्थेत आणि नागरी बँकेत फरक काय?' हा प्रश्न मी स्वतः कितीतरी मुलांना विचारला असेल, आणि निम्मी मुलं 'बँक मोठी असते' म्हणायची. तू नीट सांग. पतसंस्थेची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली होते आणि ती आपल्या सभासदांशी व्यवहार करते. नागरी बँकही सहकारीच असते, पण तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो आणि तिच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. एवढं उत्तर पुरे आहे. आणि रेझ्युमेत 'बँकिंग अनुभव' न लिहिता 'पतसंस्था, ठेव व रोख काउंटर' लिहिलंस, तर फरक तुला कळतो हे न विचारताच दिसतं.

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते ग्राहकांबद्दल. तुझ्या कागदावर ओळ आहे: 'उत्तम संवादकौशल्य, ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्याची क्षमता.' गं, हे प्रत्येकाच्या कागदावर असतं. ज्याने आयुष्यात काउंटरच्या आतून बाहेर पाहिलं नाही त्याच्याही. या ओळीवर प्रश्न विचारता येत नाही, म्हणून पॅनेल ती ओलांडून पुढे जातं.

गेल्या दिवाळीत घरी आलीस तेव्हा मयत ठेवीदारांच्या दाव्यांची गोष्ट तू सांगितली होतीस. ती तुला क्षुल्लक वाटली म्हणून कागदावर आली नाही. मला ती आख्ख्या रेझ्युमेतली सगळ्यात मोलाची वाटते. पुन्हा आठव. नवरा गेलेली बाई येते. तिच्या हातात फक्त ठेव पावती. तू सांगतेस, मृत्यूचा दाखला आणा. ती आठवड्याने दाखला घेऊन येते, तर आधार नाही. आधार आणते, तर दावा अर्जावर साक्षीदारांच्या सह्या नाहीत. नामनिर्देशन नसेल तर वारसांच्या कागदांचा आणखी एक फेरा. प्रत्येक वेळी उमदी नाहीतर संखकडून एसटीने यायचं, अर्धा दिवस घालवायचा. मग काउंटरवर रडारड, कधी आरडाओरड. तू काय केलंस? लागणाऱ्या कागदांची यादी एका पानावर मोठ्या अक्षरांत मराठीत छापलीस. नामनिर्देशन असेल तर डावीकडचे कागद, नसेल तर उजवीकडचे. शिपाईकाकांकडून तोच मजकूर कन्नडमध्ये लिहून घेतलास आणि पहिल्या भेटीतच तो कागद लोकांच्या हातात द्यायला लागलीस. पुष्कळसे लोक दुसऱ्याच फेरीत सगळे कागद घेऊन येऊ लागले, असं तू म्हणाली होतीस.

याची ओळ अशी लिही. मी मराठीत सांगतो, तू साध्या इंग्रजीत उतरव:

'मयत ठेवीदारांच्या दाव्यांसाठी लागणाऱ्या कागदांची मराठी-कन्नड यादी तयार केली. पहिल्या भेटीतच दिल्यामुळे वारसांच्या फेऱ्या कमी झाल्या. मार्च २०२४ पासून शाखेत वापरात.'

बघ, यात 'उत्कृष्ट', 'प्रभावी' असला एकही शब्द नाही. काय केलं, कुणासाठी केलं, कधीपासून चालू आहे, एवढंच. वाचणाऱ्याला कळतं की या मुलीने रांगेत उभ्या माणसाची अडचण ओळखली, साहेबांनी सांगायची वाट पाहिली नाही, आणि नियमाला हात न लावता वाट काढली. शेवटचा भाग बँकेला सगळ्यात महत्त्वाचा. 'एका वृद्ध ग्राहकासाठी नियम शिथिल करून मदत केली' अशी ओळ एकाने अभिमानाने लिहून आणली होती. त्याची मुलाखत तीन मिनिटांत आटोपली. केवायसी अपुरं असताना, सही जुळत नसताना दयेपोटी पैसे देणारा क्लार्क बँकेला नको असतो, मग तो माणूस म्हणून कितीही चांगला असो.

तुझ्या यादीच्या ओळीवर पुढचा प्रश्न येणार, त्याची तयारी ठेव. 'नॉमिनी एक आहे, वारस तीन आहेत आणि सगळे भांडत काउंटरवर आले तर?' उत्तर असं: नॉमिनीला पैसे दिले की बँक आपल्या जबाबदारीतून सुटते, पण नॉमिनी ती रक्कम वारसांच्या वतीने घेतो, त्यामुळे वारसांचा हक्क संपत नाही. न्यायालयाचा मनाई आदेश आला असेल तर पैसे थांबवावे लागतात. आणि काउंटरवरच्या क्लार्कने यात निवाडा करायचा नाही. कागद बघायचे, नोंद करायची आणि अधिकाऱ्याकडे न्यायचं. 'मी त्यांना समजावून सांगितलं असतं' एवढ्यावर थांबू नकोस. समजावणं ठीक, पण अधिकार कुणाचा हे तुला माहीत आहे, हे दिसलं पाहिजे.

आकडा घालायचा तर मोजून घाल. 'दररोज २०० ग्राहक हाताळले' हे वाचून मी हमखास विचारायचो, 'सहा तासांत दोनशे म्हणजे एका माणसाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत, तेही रोखीचं काम?' मुलगा गडबडायचा. तुझ्याकडे व्हाउचरचे गठ्ठे आहेत. मधला कुठलाही एक आठवडा घे, बाजाराचा दिवस धरून, तुझ्या काउंटरची व्हाउचर मोज आणि दिवसाची सरासरी काढ. साठ निघाली तर साठ लिही. सांगताना आवाज हलत नाही असा आकडा पाहिजे.

आता सॉफ्टवेअर. तुझी ओळ आहे: 'सीबीएस व फिनॅकलचे ज्ञान.' हे वाचून मला धस्स झालं. फिनॅकल तू कधी पाहिलंस? क्लासमध्ये दोन दिवस स्क्रीनचे फोटो दाखवले होते, एवढंच ना? मग तो शब्द काढ. फिनॅकल इन्फोसिसचं, स्टेट बँकेत टीसीएसचं बँक्स, काही ठिकाणी ओरॅकलचं फ्लेक्सक्यूब, सहकारात आणखी वेगळी. तुला अमुकच यावं अशी बँकेची अपेक्षा नसते, ते बँक शिकवते. पण 'येतं' म्हणून लिहिलंस तर फिनॅकल वापरलेला माणूस सहज विचारेल, खात्याचं लेजर कुठल्या मेनूने बघतेस? रोज बसणाऱ्याची बोटं न विचारता `HACLI` टाइप करतात, व्यवहाराची एन्ट्री `HTM` मधून करतात. पाठ करून एकदा सांगता येईल, दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडायला होतं. आणि एक ओळ खोटी ठरली की वरची खरी ओळही संशयात जाते, हे मी टेबलाच्या त्या बाजूने अनेकदा पाहिलं आहे.

त्याऐवजी तू खरंच काय वापरतेस ते लिही. तुमच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर कोल्हापूरच्या कुठल्यातरी पुरवठादाराचं आहे, त्याचं नाव पॅनेलने ऐकलेलं नसेल, बिघडत नाही. नाव लिही आणि पुढे कामं लिही: बचत व पिग्मी खात्यांच्या एन्ट्री, मुदत ठेव उघडणं आणि नूतनीकरण, पिग्मी एजंटांच्या मशीनमधली वसुली सिस्टीममध्ये घेणं, पासबुक छपाई, दिवसअखेर रोकड जुळवणं. कुठल्याही बँकेच्या प्रणालीत, पिग्मी सोडली तर, याच नावांची कामं वेगळ्या स्क्रीनवर असतात.

इथे एक शब्द तुझा घात करू शकतो. तू लिहिलं आहेस, 'एन्ट्री करणे व पास करणे.' पास कशी करतेस? साधारणपणे एन्ट्री टाकणारा मेकर आणि मंजूर करणारा चेकर वेगळा असतो, एकाच माणसाने दोन्ही करायचं नाही, हाच त्या व्यवस्थेचा प्राण आहे. क्लार्कने 'पास केलं' म्हणजे एकतर तिला चेकरचा अधिकार दिला होता, जे तुझ्या पदावर शक्य नाही, किंवा साहेबांचा युजर आयडी आणि पासवर्ड ती वापरत होती. छोट्या संस्थांत असं चालतं, मलाही माहीत आहे. दुपारी साहेब जेवायला गेले की 'टाक गं माझ्यातून' म्हणतात. पॅनेलवरच्या माणसाला तो एक शब्द पुरतो. अपहाराच्या अनेक प्रकरणांत कुठेतरी उसना पासवर्ड असतो. तू तसं करत नसशील तर ओळ दुरुस्त कर: 'एन्ट्री टाकणे (मेकर), मंजुरी व्यवस्थापकांकडून.' आणि करत असशील तर उद्यापासून बंद कर. रेझ्युमेपेक्षा ते तातडीचं आहे.

सॉफ्टवेअर कळतं हे दाखवायला मला तुझी एक संध्याकाळ आवडली असती. नऊशे रुपये कमी पडले होते ती. फोनवर सांगितलं होतंस. मोजलेली रोकड सिस्टीमच्या शिलकेपेक्षा नऊशेने कमी. सगळे नोटा परत मोजायला लागले. तू थांबलीस आणि म्हणालीस, नऊने भाग जातो, आधी आकडा बघू. फरकाला नऊने भाग गेला की पहिला संशय शून्य चुकल्याचा किंवा दोन अंक उलटे पडल्याचा घ्यायचा, हे आमच्या काळी हेडकॅशियर पहिल्या महिन्यात शिकवायचे. ५४० च्या जागी ४५० पडलं तर फरक ९०, तोही नऊच्या पाढ्यात. तू त्या दिवसाच्या पैसे काढण्याच्या स्लिपा सिस्टीमच्या यादीशी लावल्यास. स्लिपवर १,०००, एन्ट्रीत १००. दिले हजार, खर्ची पडले शंभर, रोकड नऊशेने कमी. मग व्यवस्थापकांच्या मंजुरीने ती एन्ट्री उलटवून बरोबर एन्ट्री टाकली.

यातल्या दोन गोष्टी पॅनेलसाठी सोन्यासारख्या आहेत. एक, तू आधी व्हाउचर लावलीस, नोटा पुन्हा मोजत बसली नाहीस. दोन, चुकलेली एन्ट्री पुसली नाही, उलटवली. 'एन्ट्री चुकली तर काय कराल?' या प्रश्नाला नवखी मुलं 'डिलीट करू' म्हणतात. पोस्ट झालेली एन्ट्री पुसली जात नाही. उलट एन्ट्री पडते आणि दोन्हींचा माग राहतो, कोणी टाकली, कोणी मंजूर केली, किती वाजता, सगळं. अर्थात नऊचा नियम दर वेळी लागू पडत नाही. चारशेची एक आणि पाचशेची दुसरी अशा दोन वेगळ्या चुका मिळूनही नऊशे होतात, किंवा कुणाला जास्त नोटा दिल्या गेलेल्या असतात. हेही विचारलं तर सांग, नुसती युक्ती पाठ केलेली नाही हे कळेल. रेझ्युमेत मात्र एकच ओळ: 'दिवसअखेर रोकड ताळा, फरक आल्यास व्हाउचर-एन्ट्री पडताळणी, दुरुस्ती उलट नोंदीने व्यवस्थापकांच्या मंजुरीनंतर.'

कॉम्प्युटरच्या नावाखाली तू 'एमएस-सीआयटी, एमएस ऑफिस, इंटरनेट' लिहिलं आहेस. एमएस-सीआयटी ठेव, कारण प्रमाणपत्र मागतात. 'एमएस ऑफिस'च्या जागी रोकड मोजणीची तू बनवलेली एक्सेल शीट लिही. मला पाठवलेली पाहिली मी. एका रकान्यात ५०० पासून १ पर्यंतची मूल्यं, शेजारी नग, आणि खाली बेरीज:

```
=SUMPRODUCT(A2:A10,B2:B10)
```

'रोकड मोजणीसाठी मूल्यनिहाय एक्सेल तक्ता तयार केला, रोज वापरात.' 'एक्सेल उत्तम येते' यापेक्षा हे छोटं दिसतं, पण खोडता येत नाही. कुणी म्हणालं की दाखव, तर दोन मिनिटांत पुन्हा बनवून दाखवशील.

हाच अनुभव ऑफिसरच्या जागेसाठी जरा वेगळा लिहावा लागेल. दोन्ही अर्जांना एकच फाइल जोडू नकोस. क्लार्कच्या कागदावर ते बघतात की रोकड जुळते का, रांग सांभाळते का, रोज वेळेवर येते का. ऑफिसर उद्या चेकरच्या खुर्चीत बसणार, म्हणून तिथे ते बघतात की दुसऱ्याच्या कामातली चूक हिला दिसते का आणि नाही म्हणता येतं का. म्हणून ऑफिसरच्या कागदावर यादीची ओळ अशी फिरव: दाव्यांत कागद अपुरे का राहतात ते पाहून यादी सुचवली, व्यवस्थापकांची मान्यता घेतली, नवीन सहकाऱ्याला ती पद्धत शिकवली. हे सगळं घडलं असेल तरच. सोने तारण कर्जाच्या फायली तू फक्त लावतेस, मूल्यांकन सराफ करतो. तेव्हा 'कर्ज विभागाचा अनुभव' लिहू नकोस. 'सोने तारण कर्जाच्या कागदपत्रांची तपासणी व फाइल लावणे' लिही. आयआयबीएफचा जेएआयआयबी अभ्यासक्रम बँकेत लागल्यावरच करता येतो, त्यामुळे तो नसल्याची रुखरुख नको.

मधल्या सात महिन्यांच्या खंडाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, तारखा मात्र बोलून जातात. कॉलेज संपलं आणि पतसंस्थेत लागलीस, या दोन्हींमध्ये तू आयबीपीएसची तयारी करत होतीस, मुख्य परीक्षेपर्यंत गेली होतीस. सरळ लिही. बँकेच्या पॅनेलला त्यात गैर काही वाटत नाही, त्यांच्यातल्या निम्म्यांची मुलंही तेच करत असतात. फक्त एका प्रश्नाची तयारी ठेव: 'मग पीओ लागलं तर आम्हाला सोडून जाणार?' 'नाही, कधीच नाही' म्हणू नकोस, कुणी विश्वास ठेवत नाही. परीक्षा देत राहीन, पण हातातलं काम आणि नोटीस कालावधी पाळीन, असं म्हण.

काय लिहायचं नाही तेही ऐक. कुठल्याही ग्राहकाचं नाव, खाते क्रमांक, शाखेतल्या ठेवींचा आकडा, तिजोरीत किती रोकड असते, हे कागदावरही नको आणि तोंडावाटेही नको. 'आमच्या शाखेत अमक्या आमदारांचं खातं आहे' असं एका मुलाने मुलाखतीत सांगितलं होतं, आपलं वजन वाढवायला. जो मागच्या संस्थेची गुपितं इथे सांगतो तो आमची उद्या दुसरीकडे सांगेल, हे पॅनेलला समजायला वेळ लागत नाही. तुझा आधार क्रमांक, पॅन, जात, वडिलांचा व्यवसाय हेही काढून टाक. जे लागेल ते अर्जाच्या नमुन्यात मागतातच. 'छंद: वाचन, संगीत' हेही जाऊ दे. वाचन ठेवायचं असेल तर सध्या कुठलं पुस्तक हातात आहे ते सांगता आलं पाहिजे.

आणि अर्ज करण्याआधी तुझा क्रेडिट रिपोर्ट काढून बघ. शिक्षणकर्जाचे हप्ते तुझे बाबा भरतात, पण कर्ज तुझ्या नावावर आहे. एखादा हप्ता थकला असेल तर रुजू होतानाच्या पडताळणीत तो वर येतो, आणि बँकेला थकबाकीदार कर्मचारी घ्यायला आवडत नाही.

एवढं झालं की कागद एकाच पानावर बसेल. बसू दे. संदर्भासाठी पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचं नाव द्यायचं असेल तर आधी त्यांना विचार, अर्ज करते आहेस हे त्यांना पॅनेलकडून कळायला नको. फाइल पीडीएफ करून पाठव. फाइलचं नाव 'रेझ्युमे फायनल ३' नको, तुझं नाव आणि पद असू दे, कारण त्या बाजूला शंभर 'फायनल' एकाच फोल्डरमध्ये येऊन पडतात.

आता एकच काम माझ्यासाठी कर. त्या कागदांच्या यादीआधी आणि यादीनंतर, प्रत्येकी सहा महिन्यांत, दावा किती भेटींत पुरा झाला ते आवक नोंदवहीतून मोजून बघ. व्यवस्थापकांना विचारून, आणि नावं उतरवून न घेता. आकडा चांगला निघाला तर ती ओळ बदलू, नाही निघाला तर आहे तशीच ठेवू. रविवारपर्यंत मला फोन कर.